देश-कोड वेगळ्या कॉलममध्ये टाकावा का? (आंब्याच्या गिऱ्हाइकांची यादी)

हापूसपेटी_देवगड:
सीझन तोंडावर आलाय म्हणून सगळ्या बागायतदारांना सांगतो. यादीत देश-कोड एका कॉलममध्ये आणि नंबर दुसऱ्यात ठेवा. + काढून टाका, Text to Columns मध्ये Fixed width घ्या, दोन आकड्यांनंतर रेघ मारा आणि जुना कॉलम उडवा. पाच मिनिटांचं काम आहे. नंबर एकत्र ठेवणाऱ्यांची यादी कधीच स्वच्छ होत नाही.

खाडीपल्याड_रत्नागिरी:
राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय, कारण हे वाचून कुणीतरी आज रात्रीच करून बसेल.

आपल्याकडे घरटी कुणी ना कुणी आखातात आहे. दुबईचा मोबाईल घ्या: 971 आणि पुढे नऊ आकडे, एकूण बारा. आपला 91 आणि पुढे दहा, तेही बाराच. दोन आकड्यांवर रेघ मारलीत की दुबईवाल्याचं होतं 97 आणि 15XXXXXXXX. दुसऱ्या कॉलममध्ये बरोब्बर दहा आकडे दिसतात, म्हणून कुणाला शंकाच येत नाही. मग यादी तपासणारा म्हणतो, 97 कुठून आलं, 91 असणार, आणि दुरुस्त करतो. तिथे नंबर मेला. नुसता 97 असा कोड कुठल्याच देशाला नाही, आणि आपला मोबाईल 1 ने सुरू होत नाही. पण हे बघायला जुना कॉलम हवा ना, तो तुम्ही उडवायला सांगताय.

आणि + काढण्याबद्दल. कोड लावलेला आहे की नाही, हे सांगणारी तेवढीच एक खूण असते. 91 ने सुरू होणारे मोबाईल आपल्याकडे आहेत. असा नंबर कुणी कोड न लावता दहा आकडी लिहिला, तर तुमची रेघ त्याचेच पहिले दोन आकडे देश-कोड म्हणून कापून नेणार आणि मागे आठ उरणार.

चिपळूणचा_भाऊ:
एवढं रामायण कशाला? डावीकडून कापायचंच नाही, उजवीकडून दहा घ्यायचे. `=RIGHT(A2,10)` आणि उरेल तो कोड. आम्ही होमस्टेच्या यादीला हेच करतो.

खाडीपल्याड_रत्नागिरी:
भाऊ, भारतापुरतं बरोबर. अमेरिकेलाही चालेल, तिथेही दहाच असतात. पण कुवेतचा नंबर आठ आकडी. 965 धरून अकरा. उजवीकडून दहा घेतलेत तर येतो 65XXXXXXXX. आता हा नीट बघा: दहा आकडी, सुरुवात 6 ने. हुबेहूब भारतीय मोबाईल. समोर 91 लावून मेसेज पाठवलात तर तो कुण्या भलत्याच माणसाला जाईल आणि तुम्हाला कळणारही नाही. ओमान, कतार, बहारीन, सगळीकडे आठच आकडे. दुबईचा निदान 1 ने सुरू होऊन पकडला तरी जातो.

कुडाळकर_वैनी:
मला वेगळंच सांगायचंय. आमच्या मंडळाने हेच केलं. देश-कोड वेगळा काढला आणि फिल्टर लावून 'परदेश' अशी यादी केली, शिमग्याच्या वर्गणीसाठी. आमचे हे कतारहून कधीच परत आले, पण व्हॉट्सअ‍ॅप अजून त्याच नंबरावर आहे. झालं! आमच्या नावासमोर परदेशाचा आकडा, म्हणजे गावच्या दुप्पट. विचारलं तर म्हणे, शीटमध्ये तसं आलंय.

बंदरावरचा_मालवण:
वैनीनू, वर्गणीचा रडगाणा हय कित्याक? मंडळाक पैशे नको काय? गल्फात मिळवलास तेवा गावच्या देवाक दोन पैशे जास्त दिलास तर काय बिघाडला?

कुडाळकर_वैनी:
पैशांचा प्रश्नच नाही. देवाचं आम्ही कधी चुकवलेलं नाही. कोडवरून माणूस कुठे राहतो ते ठरवलं, त्यावर बोलतेय. माझी भाची कॅनडात आहे, तिलाही +1. तिला मंडळाने 'अमेरिका' लिहून ठेवलंय. नंबर कुठला आहे आणि माणूस कुठे आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत की नाहीत?

चाकरमानी_डोंबिवली:
वैनी बरोबर आहेत. आणि मुंबईकर म्हटला की दुप्पट, हेही कुणीतरी थांबवा. आम्ही लोकलला लोंबकळत पैसे कमावतो. पालखीला चार दिवस येतो, तर यादी घेऊन माणूस दारात उभा.

बंदरावरचा_मालवण:
चार दिवस येतास, तेवा गाव वर्षभर सांभाळता कोण?

हापूसपेटी_देवगड:
वर्गणी दुसरीकडे भांडा, हा धागा माझा आहे. खाडीपल्याड, तुम्ही चुका बऱ्या दाखवल्यात, पण कुरियरवाल्याची अपलोड शीट मी नाही बनवली. तिथे कोड वेगळा आणि नंबर वेगळा मागतात. एकत्र टाकला तर ओळच घेत नाही. पेट्या काय घरी पिकवत ठेवू?

खाडीपल्याड_रत्नागिरी:
कुरियरला वेगळं लागतं, हे मान्य. मग वेगळं काढा, पण सूत्राने आणि मूळ कॉलमला हात न लावता. A मध्ये अख्खा नंबर, + सकट, मधे जागा किंवा रेघ न ठेवता. `codes` नावाच्या शीटवर A कॉलममध्ये तुमच्या गिऱ्हाइकांचे कोड: 91, 971, 965, 974, 968, 44, 1, जे असतील ते. मग B2 मध्ये:

```
=IFS(COUNTIF(codes!A:A,MID(A2,2,3))>0,MID(A2,2,3),
COUNTIF(codes!A:A,MID(A2,2,2))>0,MID(A2,2,2),
COUNTIF(codes!A:A,MID(A2,2,1))>0,MID(A2,2,1))
```

आणि C2 मध्ये `=MID(A2,2+LEN(B2),15)`.

हे चालतं कारण एका देशाचा कोड दुसऱ्या कोडची सुरुवात कधीच नसतो. 971 आहे म्हणून 97 आणि 9 कुणालाच दिलेले नाहीत. त्यामुळे तीन, दोन, एक असं शोधलं की एकच उत्तर निघतं. कोड यादीत नसेल तर #N/A येतो. तो येऊ दे, ती ओळ हाताने बघायची. व्हॉट्सअ‍ॅपच्या `wa.me` लिंकला तर अख्खाच नंबर लागतो, + काढून. तिथे तुमचे दोन कॉलम परत जोडत बसावे लागले असते.

चिपळूणचा_भाऊ:
A कॉलमचा फॉरमॅट Text केला की बाकी काही बिघडत नाही. हे सांगायचं राहिलं तुमचं.

खाडीपल्याड_रत्नागिरी:
नंबर टाकायच्या आधी केला तरच. आधी टाकून मग Text केलात तर गेलेला + परत येत नाही. +91-2352 असा रेघ मारून लँडलाइन टाईप केलात तर एक्सेल सरळ वजाबाकी करून ऋण आकडा दाखवतं. सगळ्यात वाईट म्हणजे बारा आकडे 9.19877E+11 असे दिसत असताना CSV म्हणून सेव्ह करणं. फाईलमध्ये तेवढंच लिहिलं जातं. परत उघडलीत की शेवटचे सहा आकडे शून्य, कुठल्याही फॉरमॅटने भरून न येणारे. आणि B, C कॉलम मात्र General ठेवा. तेही Text केलेत तर उत्तराऐवजी सूत्रच दिसत राहील.

हापूसपेटी_देवगड:
ठीक आहे, जुना कॉलम उडवत नाही. दोन कॉलम लागतात हे माझं म्हणणं मात्र कायम आहे. आता हे सांगा: माझ्याकडे + नसलेले दहा आकडी बरेच आहेत. त्यातले काही 65 ने सुरू होतात. सिंगापूरची दोन गिऱ्हाइकं आहेत एवढं आठवतं, पण कुठली ते नाही.

खाडीपल्याड_रत्नागिरी:
सिंगापूर 65 आणि पुढे आठ, म्हणजे दहाच. आपले मोबाईलही 6 ने सुरू होतात. शीटमधून हे कळणार नाही, कुठलंही सूत्र लावा. गेल्या सीझनची ऑर्डर काढा, मागवणाऱ्याचा पत्ता बघा. तोवर त्या ओळींना मेसेज पाठवू नका.

कुडाळकर_वैनी:
पत्ता पेटी घेणाऱ्याचा असतो हो, मागवणाऱ्याचा नाही. माझा भाऊ मस्कतहून मागवतो आणि पेटी सावंतवाडीला उतरते.