अनुभव धागा: घरातल्या मोठ्यांची पहिली स्लाइड

ओसरी
आमच्याकडे सध्या सासऱ्यांचं 'स्लाइड कशी करतात' चालू आहे आणि लेकीचा शाळेचा अभ्यास बाजूला पडला आहे. म्हटलं, हे घरोघरी असणार. निवृत्तीनंतर तुम्ही स्वतः किंवा घरातल्या कुणी पहिल्यांदा स्लाइड दाखवून भाषण केलं असेल, तर कुठे अडलं आणि कसं सुटलं ते लिहा. सत्काराचे फोटो नकोत, फजिती चालेल.

निवृत्त अव्वल
मग माझंच लिहितो. तहसीलमध्ये 34 वर्षं काढली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात 'सातबारा कसा वाचावा' यावर चाळीस मिनिटं बोलायचं ठरलं. नात नववीत आहे. ती म्हणाली, "आबा, स्लाइड करू या."

माझ्याकडे जुन्या संगणकात चौदा पानांचं टिपण तयार होतं. तेच स्लाइडवर चिकटवलं. सोळा स्लाइड झाल्या, मी खूश. मग नातीने पेन ड्राइव्ह तिच्या लॅपटॉपला लावला आणि पहिल्याच स्लाइडवर 'सातबारा'च्या जागी आलं:

```
lkrckjk
```

मला वाटलं व्हायरस शिरला. नंतर कळलं, टिपण कृतिदेवमध्ये होतं. तो फॉन्ट असला तर मराठी दिसतं, नसला की अशी खिचडी. सभागृहातला लॅपटॉप तिसऱ्याचाच असणार होता. म्हणजे तिथे सगळ्यांसमोर हेच झालं असतं.

मी म्हटलं, सगळं युनिकोडमध्ये परत टाइप करतो. मराठी तीसचा टायपिस्ट मी, पण हाताला वळण रेमिंग्टनचं. नात म्हणाली, "अहो आबा, चौदा पानं तुम्ही तोंडाने सांगा. पडद्यावर फक्त उतारा दाखवा." मला राग आला. इतक्या मेहनतीचं टिपण! पण तिने पूर्ण उतारा एका स्लाइडवर टाकला, लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि मला गॅलरीच्या दारात उभं केलं. क्षेत्राचा आकडा सोडाच, गावाचं नावही वाचता येईना. मुकाट्याने आत आलो.

मग तिने एकच फोटो घेतला, हवा तो रकाना मोठा केला आणि भोवती लाल चौकट काढली. Ctrl+D दाबून स्लाइडची नक्कल करायची आणि चौकट पुढच्या रकान्यावर सरकवायची. सोळाच्या नऊ स्लाइड झाल्या.

खरी गंमत क्षेत्राच्या स्लाइडवर. पडद्यावर फक्त 1.20.00. विचारलं, "जमीन किती?" अर्धं सभागृह म्हणालं, एक एकर वीस गुंठे. मी नोकरीत हीच चूक रोज ऐकली आहे. हा आकडा हेक्टर, आर आणि चौरस मीटरचा. एक हेक्टर वीस आर म्हणजे 120 आर. गुंठा आरापेक्षा किंचित मोठा, म्हणून साधारण एकशे साडेअठरा गुंठे, म्हणजे दोन एकर साडेअडतीस गुंठे. लोक स्वतःची जमीन निम्मी समजून बसलेले! पुढच्या क्लिकला उत्तर आलं तेव्हा मागून एक गृहस्थ उठून उभे राहिले.

गोदाकाठ
साधा उपाय सांगतो. पीडीएफ करून न्यायचं, फॉन्टचा प्रश्नच मिटतो. उगाच परत टाइप कशाला?

टंकनिका
फॉन्टचा मिटतो, खरं. पण आबांचं 'आधी प्रश्न, मग क्लिकवर उत्तर' पीडीएफमध्ये राहत नाही. दोन्ही एकदमच दिसतात, म्हणजे गंमत गेली.

निवृत्त अव्वल
नातीने दोन वेगळ्या स्लाइड केल्या होत्या. एकीवर प्रश्न, दुसरीवर तोच प्रश्न आणि खाली उत्तर. त्यामुळे पीडीएफ नेऊनही चाललं. ती म्हणते अॅनिमेशन आम्हाला नकोच होतं, मी अक्षरं गोल फिरवायला लागलो असतो. तिचं चूक नाही.

टंकनिका
हुशार आहे पोरगी! मी डीटीपीत वीस वर्षं आहे म्हणून एक भर घालते. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं मिळतात, पण पहिली वेलांटी आणि रफार नक्की तपासा. कृतिदेवमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये बरोबर उलटं. बदलताना गडबड झाली तर ती 'नियम', 'कार्यालय' अशा शब्दांत सापडते. कारकुनाच्या टिपणात 'कार्यालय' किती वेळा येतं ते मोजा आणि मग ठरवा.

बांधावरचा
आमच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे. वडीलही गेले. वारस नोंद कुठे करायची? नातीला येत असेल तर विचारा.

ओसरी
धागा स्लाइडचा आहे हो!

निवृत्त अव्वल
असू द्या, सवयच आहे. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करा, दोघांचेही मृत्यू दाखले जोडा. फेरफार नोंद होते, नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. आत्या असतील तर त्यांची नावंही अर्जात लिहा. वाद तिथेच सुरू होतात.

सांजवेळ
माझ्या बाबांनी बँकेवर स्लाइड केल्या होत्या. हिरव्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं. आम्ही सांगून थकलो. प्रोजेक्टरवर सगळं एकाच रंगाचं दिसलं आणि बाबा आजतागायत प्रोजेक्टरलाच दोष देतात.

आबा, एक विचारायचं होतं. उताऱ्याचा फोटो दाखवलात, त्यावर लोकांची नावं?

निवृत्त अव्वल
उतारा आमचाच, पण चुलत भावांची नावं होती. त्यावर पांढऱ्या पट्ट्या लावल्या. कार्यक्रमानंतर मी मूळ फाइल संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, कारण सगळे मागत होते. दुसऱ्या दिवशी एका सभासदाने पट्टी बोटाने सरकवून खालचं नाव वाचलं आणि फोन करून विचारलं, "हे तुमचे कोण?" चुलत भावाला अजून सांगितलेलं नाही.

टंकनिका
अरे देवा. नुसतं क्रॉप करूनही भागत नाही, कापलेला भाग बऱ्याचदा फाइलमध्येच लपून असतो. नावं फोटोतच खोडायची, ते चित्र नव्याने सेव्ह करायचं आणि मग स्लाइडवर लावायचं.

गोदाकाठ
किंवा पीडीएफ पाठवायची.

टंकनिका
पट्टी सरकत नाही, एवढंच. काही वेळा खालचं चित्र त्यातूनही काढता येतं. आधी खोडा.

निवृत्त अव्वल
नातीला वाचून दाखवलं. ती म्हणते तिने सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. मला तसं आठवत नाही. पुढचं भाषण फेरफारावर आहे आणि त्यासाठी तिने अट घातली आहे: फाइल ग्रुपवर तीच टाकणार.