मदत हवी आहे : भावाला मित्राच्या दग्याचं तेच ते स्वप्न

देवबागची_माई : दादाची होडी जिवलग मित्राबरोबर भागीत होती. मार्चमध्ये मित्र हिशोब न देता वेगळा झाला. 1 जूनला मासेमारीबंदी लागल्यापासून आठवड्यातून चार-पाच वेळा पहाटे पाचला तेच स्वप्न : दादा जेटीवर, होडी सुटलेली, सुकाणूवर मित्र, आणि तो वळून हसतो. तिथेच दचकून जाग. भांडण मार्चचं, मग स्वप्न आत्ताच का? थांबवायचं कसं?

रापणकर : पहाटेचा सपान खरा होता म्हणतत. मित्र अजून कायतरी करतलो, सांभाळून ऱ्हवा.

कातळसडा : झोपताना थोडी घेतली की स्वप्नं पडत नाहीत. खलाशांना विचारा.

निशिगंध : दारूने रात्रीच्या पूर्वार्धात स्वप्नं कमी पडतात हे खरं, पण उतरली की पहाटे ती जास्तच जोरात येतात. दादांना नेमकं तेव्हाच पडतंय.

माई, दादा हंगामात किती वाजता उठतात?

देवबागची_माई : तीनला. आता सातपर्यंत झोपतो.

निशिगंध : मग 'आत्ताच का'चं बरंचसं उत्तर इथे आहे. स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात सर्वांत लांब असते. हंगामात तो भाग समुद्रावर जात होता.

आणि रापणकर, हे स्वप्न पुढचं काही सांगत नाही. माई, एक विचारा : मित्र खरंच हसला होता का?

देवबागची_माई : नाही हो. समोरच आला नाही. फोनवर कळवलं.

निशिगंध : म्हणजे हसू स्वप्नाने घातलं. झोपेत दुखऱ्या गोष्टीची उजळणी होतेच. ती दर वेळी थोडी बदलत असेल, तर जखम बहुधा भरत असते. इथे एकाच जागी जाग येते, म्हणून गोष्ट पुढे सरकत नाही.

दादांनी दुपारी वहीत स्वप्न एकदाच लिहावं. मग होडी सुटते त्या क्षणापासून हवं तसं बदलावं. समजा, ते हसण्याकडे पाठ करतात, दोर गुंडाळून ठेवतात, जेटीच्या पायरीवर बसून जाळं विणायला घेतात. हाताला सुताचा खरखरीतपणा, मागे लाटेचा आवाज. हे नवं रूप रोज दिवसा दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटून पाहावं. जुनं पुन्हा घोळवू नये. बहुतेकांचं तिथेच चुकतं. मित्र माफी मागतो असा शेवट मी टाळेन, कारण मग सुटका पुन्हा त्याच्याच हातात राहते. दोन-तीन आठवडे द्या. 

झोपेत हातपाय झाडणं किंवा ओरडणं असेल, तर मात्र हे पुरणार नाही, डॉक्टरांना दाखवा. काही औषध चालू आहे?

देवबागची_माई : ओरडत नाही. मेपासून बीपीला मेटोप्रोलोल आहे.

निशिगंध : त्या गटातल्या गोळ्यांनी काहींना भयाण स्वप्नं पडतात. मनाने बंद करू नका, एकदम सोडली तर हृदयाला धोका असतो. डॉक्टरांना तारखांसकट सांगा : गोळी मे, स्वप्न जून. गोळीचा वाटा किती आणि झोपेच्या वेळेचा किती, हे इथून सांगता येणार नाही.

कातळसडा : आणि ऑगस्टात पुन्हा तीनला उठायला लागला की आपोआप जाईल ना?

निशिगंध : कमी दिसेल कदाचित. पण मग ती झोपच कापली गेलेली असेल. वही आजच काढा.