आयडी फॅनची मोटर पावसाळ्यात सुरू होतानाच ट्रिप: स्टॉल टायमर १० चा १५ करावा की नाही?

खाडीकाठ
चिपळूण-खेड पट्ट्यातला कारखाना, नाव नको. बॉयलरचा धूर बाहेर ओढणाऱ्या आयडी फॅनची मोटर: ६.६ केव्ही, ८५० किलोवॅट, फुल लोड ९० अँपिअर, स्टार्टिंग करंट सहापट. डेटाशीटमध्ये सुरू व्हायला ८ सेकंद लिहिलेत, म्हणून रोटर अडकला तर मोटर तोडणारा रिलेचा स्टॉल टायमर १० सेकंदांवर आहे. मे संपेपर्यंत काही तक्रार नव्हती. जूनपासून फॅन वेग घेत असतानाच १० सेकंदांना ट्रिप होतो, दोन-तीनदा लावावा लागतो. साहेब म्हणतात टायमर १५ कर आणि मोकळा हो. मलाही तेच पटतंय, मोटरला काही झालेलं नाही. कुणाचा विरोध असेल तर कारण सांगा.

गुणिले_दीड
विरोध कशाला? सुरू व्हायचा खरा वेळ मोजा, त्याला सव्वा ते दीडने गुणा, तेच सेटिंग. वीस वर्षं असंच करतोय, एकही मोटर जळालेली नाही. आता ११ सेकंद लागत असतील तर १४-१५ ठेवा. ओव्हरलोड १०५ टक्क्यांवर, म्हणजे साडेचौऱ्याण्णव अँपिअरला. झालं.

तेलकट_हात
आमच्याकडे समुद्राचं पाणी ओढणारे पंप आहेत, देवगडच्या बाजूला. जाळीत शेवाळ आणि कालवं अडकली की पंप जाम. आम्ही जामचं सेटिंग अडीचपट करंटला २ सेकंद ठेवलंय, चटकन सुटतो आणि शाफ्ट वाचतो. तुम्ही १५ सेकंद कसले थांबता?

रिलेवाली
तेलकट दादा, तुमचं सेटिंग चालू पंप अडकल्यावरचं आहे. ते मोटर पूर्ण वेगात आल्यावरच जागं होतं, सुरू होताना रिले ते बाजूला ठेवतो. पंप तीन सेकंदांत वेग घेतो, म्हणून तुम्हाला सुरुवातीची अडचण कधी आलीच नाही. इथे फॅनचं चाक जड आहे आणि प्रश्न सुरुवातीचाच आहे.

गुणिले, तुमचा नियम निम्मा बरोबर आहे. सेटिंग सुरू होण्याच्या वेळेच्या वर हवं, इथवर ठीक. पण त्याला वरून एक छत असतं, ते तुम्ही पाहिलंच नाही. खाडीकाठ, डेटाशीटमध्ये रोटर अडकलेल्या स्थितीत किती वेळ सहन होतं ते गार आणि गरम असं वेगळं दिलेलं असेल. ते द्या. शिवाय रिलेच्या रेकॉर्डमध्ये सुरू होतानाचा करंट आणि बसचा व्होल्टेज किती दिसतो तेही.

खाडीकाठ
पूर्ण व्होल्टेजला गार १४, गरम ११ सेकंद. रात्रपाळीने एकदा टायमर १३ करून फॅन चढवला होता, तेव्हा ११ सेकंद लागले. त्या रेकॉर्डमध्ये करंट ४६५ अँपिअर, व्होल्टेज ५.७ केव्हीच्या आसपास. दोनपैकी एक ट्रान्सफॉर्मर तेलासाठी बाहेर काढलाय आणि वरचा फीडरही लांबच्या बाजूने चालू आहे, म्हणून असेल.

रिलेवाली
मग उत्तर तुमच्याच रेकॉर्डमध्ये आहे. सहापट म्हणजे ५४० अँपिअर यायला हवे होते, आले ४६५, म्हणजे ५.१६ पट. व्होल्टेज ८६ टक्क्यांवर आला आणि करंट त्याच प्रमाणात घटला. टॉर्क मात्र व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, तो पाऊण भागाच्याही खाली गेला. फॅनचा भार तेवढाच राहिला, त्यामुळे ८ चे ११ सेकंद झाले. यात नवल काहीच नाही.

आता टायमर १५ केल्यावर काय होईल ते बघा. समजा ट्रान्सफॉर्मर परत आला, व्होल्टेज पूर्ण आहे, फॅन चालून गरम झालाय आणि बंद करून परत लावताना रोटर जागचा हललाच नाही. डेटाशीट म्हणतं ११ सेकंद. तुमचा रिले आणखी ४ सेकंद वाट बघत बसेल. तेवढ्यात रोटरचे बार आणि एंड रिंग यांच्या सांध्यांवर ताण येऊन तडे जाऊ शकतात, आणि बाहेरून काही दिसणारही नाही. रात्रपाळीचे १३ सुद्धा त्याच जातीचे.

म्हणजे एकच टायमर दोन्ही बाजूंना पुरत नाही. १० ठेवला तर पावसाळ्यात ट्रिप, १५ ठेवला तर पूर्ण व्होल्टेजला धोका.

गुणिले_दीड
मग मधला १२ ठेवा की.

रिलेवाली
१२ सुद्धा ११ च्या वरच. पण मधला मार्ग आहे, फक्त तो सेकंदांत नाही. अडकलेल्या रोटरला मारते ती उष्णता, आणि ती करंटच्या वर्गाला वेळेने गुणून येते. फुल लोडच्या पटीत मोजलं तर गरम मोटरची मर्यादा ६ गुणिले ६ गुणिले ११, म्हणजे ३९६. करंट ५.१६ पट असेल तर तीच मर्यादा जवळपास १५ सेकंदांना येते. व्होल्टेज कमी पडला की सुरू व्हायला वेळ जास्त लागतो, पण सहन करायचा वेळही वाढतो. स्थिर टायमरला हे कळत नाही, करंटच्या वर्गावर चालणाऱ्या वक्राला कळतं. दहा टक्के राखून ३६० धरा:

```
t = 360 / I²     (I = फुल लोडच्या पटीत)
I = 6.0   ->  10.0 s   (सुरू व्हायला 8 s)
I = 5.16  ->  13.5 s   (सुरू व्हायला 11 s)
```

दोन्हीकडे फॅन चढतो आणि दोन्हीकडे मोटर मर्यादेच्या आत ट्रिप होते. बहुतेक नव्या रिलेंमध्ये हा वक्र असतो, निवडलेला नसतो इतकंच. गरम-गार प्रमाण डेटाशीटवरून ११/१४ म्हणजे ०.७९ टाकलं की पूर्ण भारावर चालणारी मोटर २१ टक्के थर्मल, म्हणजे उष्णता सोसायची क्षमता, वापरून बसलीय असं रिले धरतो, आणि गरम स्टार्टला वक्र आपोआप आखडतो. म्हणजे रिलेत गार मोटरचा वक्र भरायचा, ३६ गुणिले १४ चे दहा टक्के कमी करून ४५४, आणि गरम स्थितीला तो ३५९ च्या जवळ येतो.

आता एक विचारते, खरं सांगा. तुम्ही लिहिलंत "दोन-तीनदा लावावा लागतो". लागोपाठ तिसऱ्यांदा रिलेने लावू दिलंच कसं?

खाडीकाठ
थर्मल रीसेट मारतो. बॉयलर थांबला की वरून फोन येतात हो.

रिलेवाली
हेच वाटलं होतं. ५.१६ पटीला १० सेकंद म्हणजे २६६. गार मोटरची मर्यादा ५०४ धरली तर एका फसलेल्या प्रयत्नात निम्म्याहून जास्त संपलं. तिसऱ्या प्रयत्नाला हिशोब दीडपटीच्या वर जातो. रोटर फिरत होता, त्यामुळे खरी उष्णता या हिशोबापेक्षा कमी असेल, त्यावरच ती मोटर वाचली असं मी म्हणेन. रीसेट मारल्याने रिलेची आठवण जाते, रोटरची गरमी नाही. टायमर १० की १५ या वादापेक्षा मला ते रीसेटचं बटण जास्त भीतीदायक वाटतं. त्याला पासवर्ड लावा.

भट्टीवाला
मी ऑपरेशनचा माणूस, रिले मला कळत नाही. पण डँपर पाहिलात का? आयडी फॅन गरम धुरासाठी बनलेला असतो. सुरुवातीला तो गार हवा ओढतो आणि गार हवा जड. म्हणून डँपर बंद ठेवून लावायचा असतो. खारं वारं आणि पाऊस यांत आमच्याकडे त्याच्या पट्ट्या गंजून अर्ध्या उघड्याच राहिल्या होत्या, पॅनेलवर मात्र "बंद" दिसायचं. फॅनला दीडपट वेळ लागत होता. तुम्ही सगळे बसला गणितं करत.

रिलेवाली
मुद्दा चांगला आहे, पण तो ओळखायची खूण वेगळी असते. डँपर उघडा राहिला तर करंट सहापटच राहतो आणि फक्त वेळ लांबतो. इथे करंटच घटलाय. अर्थात दोन्ही एकदम असू शकतं, पट्ट्या जागेवर जाऊन बघायला हरकत नाही. आणि करंट पूर्ण असून वेळ वाढला असेल तर सेटिंगला हात लावायचाच नाही, कारण तेव्हा जास्तीचा वेळ खरोखर मोटरच्या जिवावर जातो.

गुणिले_दीड
बरं, वर्गाचं पटलं. पण मग स्पीड स्विचच बसवा ना. रोटर फिरला की स्टॉल प्रोटेक्शन अडवायचं, नाही फिरला तर पाच सेकंदांत ट्रिप. भानगडच मिटली.

रिलेवाली
सुरू व्हायचा वेळ अडकून राहायच्या वेळेपेक्षा जास्त असेल, समजा पूर्ण व्होल्टेजला १३ सेकंद, तिथे स्पीड स्विच किंवा इम्पीडन्स रिलेशिवाय इलाज नाही. करंट तर दोन्ही प्रसंगी सारखाच दिसतो, मग रिलेने फरक करायचा कशावरून? पण इथे ८ हे ११ च्या आत आहे. वक्रानेच भागत असेल तर किनाऱ्यावरच्या हवेत आणखी एक सेन्सर कशाला लावायचा?

तेलकट_हात
या एका बाबतीत ताईंना अनुमोदन. आमचा स्पीड स्विच दुसऱ्या पावसाळ्यात कनेक्टरसकट हिरवा झाला. रोटर फिरतोय असं सांगेना, पंप चढतानाच ट्रिप. शेवटी त्याची वायर काढून ठेवलीय.

गुणिले_दीड
सील नीट केला नसेल. तुमचा सेन्सर सडला म्हणून तत्त्व चुकीचं ठरत नाही. आणि ताई, तुमच्याही वक्रात एक भोक आहे. डेटाशीटमध्ये ८० टक्के व्होल्टेजचीही हमी असते. तिथे करंट ४.८ पट. तुमच्या ३६० ने १५.६ सेकंदांना ट्रिप. खाडीकाठ, ८० टक्क्यांना सुरू व्हायला किती सांगितलंय?

खाडीकाठ
१५.

गुणिले_दीड
बघा. अर्ध्या सेकंदाच्या अंतरावर तुम्ही कारखाना चालवणार?

रिलेवाली
धरलंत खरं. मात्र ते अंतर गरम मोटरचं आहे. गार स्टार्टला वक्र ४५४ चा असतो, ८० टक्क्यांना तो जवळजवळ २० सेकंद देतो. म्हणजे अडचण फक्त गरम मोटर आणि पडलेला व्होल्टेज एकत्र आले तरच. तेव्हा मी फॅन लावूच देणार नाही, ठरावीक थर्मलच्या खाली उतरेपर्यंत रिस्टार्ट अडवून ठेवीन.

गुणिले_दीड
आणि बॉयलर तोवर काय करेल? मी राखीव १० ऐवजी ५ टक्के ठेवीन. ३७६ धरा, ८० टक्क्यांना १६.३ सेकंद मिळतात आणि पूर्ण व्होल्टेजला साडेदहाच्या आत ट्रिप. ११ च्या आतच आहे.

रिलेवाली
डेटाशीटचे ११ हे बनवणाऱ्याचं गणित असतं, आपल्या मोटरवर मोजलेलं नव्हे. शिवाय तीन-तीनदा तापवून झालेल्या रोटरवर ५ टक्के मी तरी ठेवणार नाही.

भट्टीवाला
काय तां एकदा ठरवा. आमका धूर बाहेर काढूचो आसा.

खाडीकाठ
१५ चा विचार रद्द. उद्या रिलेला बाहेरून करंट देऊन तपासायचं सेकंडरी इंजेक्शन किट येतंय. गार वक्र ४५४, प्रमाण ०.७९, स्थिर टायमर १८ वर नेऊन फक्त मागे उभा. ३ ते ६ पटीतले चार बिंदू तपासून आकडे इथे टाकतो. डँपरच्या पट्ट्या शनिवारच्या शटडाउनमध्ये बघतो. रीसेटला पासवर्ड आजच लावला, साहेबांना अजून सांगितलेलं नाही.

रिलेवाली
सेकंडरी टेस्ट करताना आधी थर्मल शून्य आहे ना बघा, नाहीतर दुसरा बिंदू लवकर ट्रिप होईल आणि वक्र चुकलाय असं वाटेल. टेस्टच्या वेळी तेवढं रीसेट चालतं.