मदत हवी आहे: एसआयपीत सरासरी खर्च ३२ की ३३.५०?

नमस्कार मंडळी, माझी एका इक्विटी फंडात दरमहा ६००० ची एसआयपी आहे, चार हप्ते झालेत आणि एनएव्ही मिळाली ४०, ३०, २४ आणि परत ४०. मी चारींची बेरीज करून चारने भागलं तर ३३.५० येतंय पण अ‍ॅपवर सरासरी खर्च ३२ दाखवतंय. आज एनएव्ही ३३ आहे, म्हणजे अ‍ॅपच्या हिशोबाने मी फायद्यात आणि माझ्या हिशोबाने तोट्यात, नक्की काय समजायचं?

खातेवही: फायद्यात आहात. युनिट मोजा ना, १५०, २००, २५०, १५०, झाले ७५०. गेले २४००० म्हणजे युनिटमागे ३२. ३३.५० तेव्हा आलं असतं जेव्हा तुम्ही दर महिन्याला सारखेच युनिट घेतले असते, पण तुम्ही सारखे पैसे घातलेत त्यामुळे २४ च्या भावात सगळ्यात जास्त युनिट आले आणि सरासरी तिकडे ओढली गेली. स्टेटमेंटवर १५० च्या जागी १४९.९९३ दिसेल, ते स्टॅम्प ड्यूटीचे ३० पैसे कापल्यामुळे, त्याने फारसा फरक पडत नाही.

सह्यकडा: म्हणूनच तर एसआयपी बेस्ट, खर्च कायम सरासरी एनएव्हीपेक्षा कमी, म्हणजे तोटा होतच नाही.

खातेवही: पहिलं अर्धं बरोबर, एनएव्ही वरखाली होत असेल तर खर्च कमीच पडतो. दुसरं अजिबात नाही. हेच चार भाव ४०, ४०, ३०, २४ असे आले असते तरी युनिट ७५० च आणि खर्च ३२ च, पण शेवटी किंमत १८००० आणि ६००० चा तोटा. विकताना त्या दिवशीची एनएव्ही मिळते, सरासरी नाही. आणि भाव सतत चढत असेल तर पहिल्याच दिवशी सगळे पैसे टाकणारा पुढे जातो.

रानपाखरू: पण माझा खर्च सरासरी एनएव्हीपेक्षा जास्त आहे! अ‍ॅप चुकतंय का? मी मधे हप्ता वाढवला होता, ३० ला ३००० आणि ४० ला ८०००.

खातेवही: अ‍ॅप बरोबर आहे. ११००० त ३०० युनिट, म्हणजे ३६.६७, आणि सरासरी एनएव्ही ३५. महाग भावात जास्त पैसे गेले. तो नियम हप्ता सारखा असेल तरच चालतो.

सह्यकडा: ठीक, पण दहा वर्षं चालवली तर शेवटी तोटा कसा होईल?

खातेवही: शेवटच्या वर्षी बाजार आपटला तर होऊ शकतो, कारण तोवर जमलेल्या सगळ्याच युनिटची किंमत एकदम उतरते आणि नवा एक हप्ता त्या ढिगाची सरासरी हलवू शकत नाही.

सह्यकडा: हे काही मला पटत नाही, दहा वर्षांत बाजार वर जातोच.

धन्यवाद, ७५० युनिट गुणिले ३३ म्हणजे २४७५०, कळलं. एकच राहिलं, यातले थोडे युनिट विकले तर अ‍ॅपवरचा ३२ तसाच राहतो का? जुने युनिट आधी जातात असं ऐकलंय.