मदत हवी आहे: मॅन्युअल टेस्टर, ऑटोमेशनच्या जागेसाठी कव्हर लेटर

चार वर्षं मॅन्युअल टेस्टिंग करतेय. आता ऑटोमेशन इंजिनिअरच्या जागेसाठी अर्ज करायचाय. जाहिरातीत सेलेनियम आणि जावा मागितलंय. आधीच्या पत्रात मला येणाऱ्या सगळ्या टूल्सची यादी दिली होती. सहा ठिकाणी पाठवलं, एकही फोन आला नाही. म्हणून या वेळी एकच काम घेतलंय. मधला परिच्छेद असा:

"बिलिंग मॉड्यूलच्या ६० रिग्रेशन केस हाताने तपासायला दर रिलीजला दोन दिवस लागत. त्यातल्या ४२ मी सेलेनियम आणि टेस्टएनजीत लिहिल्या. सुरुवातीला त्याच टेस्ट कधी पास, कधी फेल होत. सेव्ह बटण दिसायचं, पण वर लोडर असल्याने क्लिक अडायचं. `Thread.sleep` काढून `WebDriverWait` आणि `invisibilityOfElementLocated` वापरून लोडर जाईपर्यंत थांबवलं. आता हा संच ३५ मिनिटांत चालतो. उरलेल्या १८ केस छापील बिलाच्या मांडणीच्या आहेत. त्या मुद्दाम हातानेच ठेवल्या."

टीममधले एक सीनियर म्हणाले, शेवटचं वाक्य काढ, काम अर्धवट वाटतं. मला उलट वाटतं: काय ऑटोमेट करू नये हे कळणं, हीच मॅन्युअलमधली माझी कमाई आहे. ते मी ठेवणार आहे.

अडचण वेगळीच आहे. कोड कंपनीचा, त्यामुळे गिटहबवर टाकता येत नाही. शिवाय टेस्ट माझ्या लॅपटॉपवरूनच चालतात, जेनकिन्सला जोडलेल्या नाहीत. जेनकिन्स मी घरी फक्त सरावापुरतं वापरलंय. पत्र एका पानातच बसवायचंय.

तुमच्यापैकी जे अशा जागांसाठी मुलाखती घेतात त्यांना विचारते: जेनकिन्सची ही उणीव पत्रातच एका वाक्यात सांगावी, की मुलाखतीत विचारल्यावर?