वॉर्डन मॅडमला मेसेज: गाडी रद्द झाली, यायला उशीर होईल

वेचणीवाली: भाचीचा फोन आला. पुण्याचं तिकीट गेलं, हॉस्टेलच्या मॅडमला काय लिहू मावशी? मला माझाच मेसेज आठवला. "मॅडम ट्रेन कॅन्सल, उद्या येते." उद्या कुठली, चार दिवसांनी पोचले. मॅडमनं घरी फोन लावला तं आजीनं उचलला. म्हणे, "पोरगी वावरात गेली ना कापूस वेचाले." झालं! गेटवरच माफीचा अर्ज लिहून घेतला. तुमचेही सांगा.

बडनेरा लोकल: आजीनं घात केला 😂

दुपारचा चहा: आमच्या वॉर्डन स्वतःच दिवाळीनंतर आठ दिवसांनी यायच्या. त्यांना कोण विचारणार?

माजी रेक्टर: सहा वर्षं पोरांचे हेच मेसेज वाचलेत. गाडी रद्द असली तर रेल्वेच्या NTES ॲपवर दिसते, आम्ही पाहायचो. बहुतेकदा गाडी धावत असायची. वेटिंगचं ऑनलाइन तिकीट चार्ट लागल्यावरही वेटिंगच राहिलं की आपोआप रद्द होतं. पोरं त्यालाच "गाडी रद्द" लिहीत, अन् खरं बोलूनही खोटी ठरत. भाचीचं नेमकं काय झालं?

वेचणीवाली: वेटिंगच. ७ वर अडकलं.

माजी रेक्टर: मग तसंच लिहू द्या:

"नमस्कार मॅडम. मी खोली २१४, बी.एस्सी. दुसरं वर्ष. रविवारचं बडनेरा-पुणे तिकीट वेटिंग ७ वर राहिलं आणि चार्टनंतर रद्द झालं. मंगळवार रात्रीच्या बसचं तिकीट काढलं आहे, बुधवारी दुपारपर्यंत पोचते. दोन्ही तिकिटांचे फोटो जोडले आहेत. बाबांना दुपारी एकनंतर फोन लागेल, सकाळी वावरात रेंज नसते. तोवर माझी मेस बंद ठेवावी."

फोनची वेळ गाळू नका. फोन लागला नाही की वॉर्डनला वेगळीच शंका येते.

हिंगणघाटचा: तिकिटाचे पैसे आपोआप परत येतात, टेन्शन नाही.

बडनेरा लोकल: ऑनलाइनचे येतात भाऊ. खिडकीवरचं तिकीट खिडकीवरच नेऊन द्यावं लागते. माझ्या भावानं देऊन टाकलं, मग वॉर्डननं पुरावा मागितला. आधी फोटो काढा!

दुपारचा चहा: दिवाळीत ट्रॅव्हल्सवाले किती घेतात पण. त्यापेक्षा एसटी बरी, कंबर गेली तरी चालते.

कोऱ्या वहीची पानं: मॅडमनं परवानगी दिली तरी माझं प्रॅक्टिकल बुडलंच. हॉस्टेलचा निरोप कॉलेजात जात नाही, एचओडीला वेगळं लिहावं लागते.

हिंगणघाटचा: आमच्याकडे तं वॉर्डनच कळवायचे.

कोऱ्या वहीची पानं: नशीबवान आहात.

वेचणीवाली: भाचीनं पाठवला. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही अजून. आता घरी सगळ्यांना सांगून ठेवते. फोन माझ्या आईनं उचलला तं पुन्हा कापूसच निघन.