मदत हवी आहे: मॉसफेट बोर्डावर लावायच्या आधीच मरतायत

तापीकाठ
जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. पोरांचं प्रॅक्टिकल तोंडावर आलंय आणि मॉसफेट काही टिकत नाहीयेत, शंभर आणले होते त्यातले पंचवीस-तीस तरी गेले. सप्लाय बघितला, वायरिंग बघितलं, सगळं बरोबर. सर म्हणतात तू नीट तपासून देत नाहीस. चांगला माल कोणता ते सांगा, नाहीतर बीजेटीवर उरकून टाकतो. सोमवारी बॅच आहे.

मायक्रोअँपिअर
पार्ट नंबर काय? गेले म्हणजे काय झालं, आणि ते कशावरून कळलं? सर्किटमध्ये गेले की त्याच्या आधीच? एवढं तरी सांगा.

वाइंडिंगवाला_भो
डुप्लिकेट माल आहे, दुसरं काही नाही. माझं इन्व्हर्टर रिपेअरचं दुकान आहे, बारा वर्षं झाली, IRFZ44N मूठभर खिशात टाकून साइटवर जातो. स्टॅटिक-बिटिक कंपनीवाल्यांचे चोचले आहेत भो. एकही असा फुकट मेला नाही.

तापीकाठ
2N7000. तपासूनच देतो हो. मल्टिमीटर डायोडवर ठेवून ड्रेन-सोर्स बघतो, एका बाजूने पॉइंट सहा दाखवतो, दुसऱ्या बाजूने काही नाही, म्हणजे ओके. मग पोरं लावतात आणि गेटला ५ व्होल्ट दिले तरी ड्रेन करंट शून्य. काहींमध्ये उलटं, गेट शून्यावर असतानाच करंट चालू.

सातपुडा_३३
पाय उलटे लावत असतील. 2N7000 चा सपाट भाग आपल्याकडे धरला तर डावीकडून सोर्स, गेट, ड्रेन. BS170 दिसायला डिट्टो तसाच, पण त्याचे ड्रेन, गेट, सोर्स. आमच्याकडे दोन्ही एका डब्यात मिसळले होते, आख्खं सेमिस्टर गोंधळ.

तापीकाठ
नंबर वाचून बघितले, सगळे 2N7000 च आहेत.

मायक्रोअँपिअर
पायांचा मुद्दा बरोबर आहे, पण ड्रेन-सोर्स उलटे लागले तर आतला डायोड चालू होऊन गेट काहीही असला तरी करंट वाहतो, त्याने गेट मरत नाही. आणि तापीकाठ, तुम्ही तपासताय तो तोच डायोड. त्याचा गेटशी काहीच संबंध नाही. गेट पूर्ण जळालेला असला तरी तो पॉइंट सहाच दाखवणार. मेलेले घ्या आणि गेट-सोर्समध्ये ओहम मोजा. चांगल्यात दोन्ही बाजूंनी ओएल यायला पाहिजे. आणि हे ठेवता कशात?

तापीकाठ
आत्ता सात मोजले. पाचांमध्ये २०० ते ९०० ओहमच्या मध्ये काहीतरी, एकात ४० के, एकात ओएल. ठेवतो थर्मोकोलमध्ये. आमच्या आधीच्या असिस्टंटनी थर्मोकोलच्या पाटीवर ओळीने खोचून ठेवायची पद्धत पाडली, एकेक उपटून द्यायला सोपं जातं.

निवृत्त_सोल्डर
अरे देवा, थर्मोकोल!
बाबा, थर्मोकोलमधून पाय उपटतोस तेव्हाच काम होतं. बोट घासून बघ, केस उभे राहतात. आमच्या वेळी सुरुवातीचे मॉसफेट यायचे तेव्हा चारही पायांना बारीक तारेची रिंग घातलेली असायची, ती सोल्डर झाल्यावरच काढायची. नाहीतर चहाच्या पुड्यातली चांदी काढून तीत गुंडाळायचो.

वाइंडिंगवाला_भो
मग माझे का मरत नाहीत? मी पण माणूसच आहे ना, मलापण अंगात करंट असेल.

मायक्रोअँपिअर
याचं उत्तर आकड्यात आहे. माणसाचं अंग म्हणजे साधारण १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर धरतात. तो ५०० व्होल्टला चार्ज असला तर तुम्हाला कळणारही नाही, बोटाला चटका बसायला तीन हजारांच्या आसपास लागतात. आता बोट गेटला लागलं की चार्ज दोघांत वाटला जातो. 2N7000 चा इनपुट कपॅसिटन्स जास्तीत जास्त ५० पिको. म्हणजे गेटवर उरले:

```
500 x 100 / (100 + 50)   = 333 V
500 x 100 / (100 + 1500) = 31 V
```

दुसरी ओळ तुमच्या IRFZ44N ची, त्याचा कपॅसिटन्स दीड हजाराच्या घरात. दोघांची गेटची मर्यादा डेटाशीटमध्ये २० व्होल्टच आहे, पण क्षणभर ३१ ऑक्साइड सहसा सोसतं, ३३३ नाही. तेव्हा तुमचा माल ओरिजिनल म्हणून वाचला नाही, मोठा म्हणून वाचला. चटका बसला त्या दिवशी तोच हिशोब ३००० ने करा, १८७ येतात.

वाइंडिंगवाला_भो
हिशोब मान्य. पण दोन-चार असे उगाच गेलेत, ते आत्ता आठवले. मी पॅकिंगचाच दोष धरला होता.

केळीबागवाला
विषय कळला नाही पूर्ण, पण आमच्या कूलरलाही हात लावला की झिणझिणतं. तुम्ही म्हणता तेच का? पंप नवीन टाकला तरी येतं. बायको चप्पल घालूनच हात लावते.

निवृत्त_सोल्डर
ते स्टॅटिक नाही दादा, ते लीकेज आहे. आधी प्लग काढा, मग अर्थिंग बघून घ्या, गंमत नाही.

तापीकाठ
कूलरवरून आठवलं. आमच्या लॅबचा कूलर मार्चमध्ये मोटर जळून बंद पडला, त्यानंतरच हे जास्त व्हायला लागलं. योगायोग का?

मायक्रोअँपिअर
योगायोग नाही. खान्देशातला एप्रिल म्हणजे हवा कोरडी ठाक, खुर्चीवरून उठताना अंगावर जमलेला चार्ज निघून जायला वाट मिळत नाही. कूलरने ओल यायची तेव्हा टेबलावर, कपड्यांवर पातळ थर बसायचा, त्यातून चार्ज हळूहळू पळायचा. पण कूलर हा उपाय धरू नका, पावसाळ्यातही थर्मोकोल थर्मोकोलच असतं.

टीवायची_सुमी
मी अशाच लॅबमध्ये शिकते, बहुतेक वेगळ्या कॉलेजात, पण सांगते. आम्ही सगळ्या गाडीवर तोंडाला स्कार्फ गुंडाळून येतो, लॅबच्या दारात काढतो. पॉलिस्टरचा असतो तो. काढताना चट चट आवाज येतो आणि लगेच पुढच्या मिनिटाला पार्ट हातात. शिवाय अॅप्रन पण टेरीकॉटचा. आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही, सर म्हणतात हँडल विथ केअर, म्हणजे काय करायचं?

निवृत्त_सोल्डर
शाबास पोरी. करायचं एवढंच, बाकडाला अर्थ जोडलेली पट्टी असेल तर आधी तिला हात लावायचा, मग पार्ट उचलायचा. पार्ट अंगाला धरायचा, पायांना नाही. गेट-सोर्स शॉर्ट ठेवून लावायचा, शेवटी तार काढायची.

सातपुडा_३३
सरळ मनगटाला तांब्याची तार बांधून अर्थिंगच्या पिनला जोडायची, झालं. पट्टे विकत कशाला आणायचे.

मायक्रोअँपिअर
ही चूक करू नका, कृपा करून. पट्ट्यात १ मेगओहमचा रेझिस्टर असतो तो उगाच नसतो. त्याच्यामुळे चुकून २३० ला हात लागला तर पट्ट्यावाटे पाव मिलिअँपिअरही जात नाही. साध्या तारेने बांधलात तर तुम्ही स्वतःच अर्थ झालात, मग काय होईल ते लिहायला नको. आणि तापीकाठ, तुमच्या तिसऱ्या पिनला खरंच अर्थ आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. जुन्या इमारतीत पिन असते, तार नसते.

तापीकाठ
सगळं ठीक, पण सोमवारी काय करू? पट्टे येणार नाहीत, पर्चेसला फाइल जाते ती जाते. CD4007 चा जुना साठा पडलाय, त्यात आतच डायोड असतात ना? ते वापरले तर?

मायक्रोअँपिअर
असतात. प्रत्येक गेट इनपुटवरून एक डायोड वरच्या सप्लायकडे, एक खालच्याकडे. चार्ज आला की तो गेटऐवजी डायोडमधून सप्लायच्या पिनवर निघून जातो. म्हणून ते बरेच दणकट, अजिंक्य नाहीत. पण लॅबमध्ये ते वेगळ्याच कारणाने मरतात. पोरांना एकच ट्रान्झिस्टर पाहिजे असतो म्हणून १४ आणि ७ नंबरची पिन मोकळी सोडतात. मग गेटला ५ व्होल्ट दिले की वरच्या डायोडमधून चिपचा सप्लायच चार्ज होतो आणि रीडिंग वेड्यासारखी येतात. १४ सगळ्यात वरच्या व्होल्टेजला, ७ सगळ्यात खालच्याला, हे आधी. फंक्शन जनरेटर सप्लायनंतर चालू, सप्लायच्या आधी बंद. आणि जनरेटर शून्याच्या खाली जात असेल तर खालचा डायोड उघडतो, त्यात १० मिलिअँपिअरच्या वर जाऊ द्यायचं नाही. गेटला १० के सिरीजमध्ये टाका.

वाइंडिंगवाला_भो
त्यापेक्षा 2N7000 ला गेट-सोर्समध्ये १२ व्होल्टचा झेनर टाका ना, इन्व्हर्टरमध्ये तेच असतं.

मायक्रोअँपिअर
हे उत्तम. फक्त पार्ट सुटा देऊन नंतर झेनर लावून उपयोग नाही. छोट्या पीसीबीवर ट्रान्झिस्टर, झेनर आणि १ मेगचा रेझिस्टर सोल्डर करा, बाहेर तीन टर्मिनल. पोरांचा हात पायांना लागतच नाही. ५ व्होल्टपर्यंतच्या ग्राफवर झेनरचा परिणाम दिसणार नाही.

निवृत्त_सोल्डर
मग पोरं हात कसा लावायचा ते कधी शिकणार? डब्यातून पार्ट उचलून सोल्डर करायलाच यायला पाहिजे. सगळं झाकून दिलं तर नोकरीवर पहिल्याच दिवशी साहेबाचे शंभर घालवतील.

मायक्रोअँपिअर
काका, तीसच्या बॅचला दोन तासांत ग्राफ काढायचाय. शिकवायचं तर वेगळं प्रॅक्टिकल करा, त्यात मुद्दाम दोन-चार मारून दाखवा.

तापीकाठ
करून बघितलं. दुकानदाराकडून आलेल्या बंद काळ्या पिशवीतले दहा घेतले, बाकडाच्या लोखंडाला हात लावून मग काढले, दहाही गेट-सोर्स ओएल. थर्मोकोलमधले वीस मोजले, त्यात सहा गेलेले. उरलेल्यांवर ९ व्होल्टची बॅटरी, एलईडी, १ के असं जोडून गेटला १०० केमधून प्लस टेकवून काढला. चांगल्यात एलईडी पेटलेलीच राहते, गेटला मायनस लावेपर्यंत. तिघांमध्ये पाच-सहा सेकंदांत मंद होत विझली. ओहममध्ये ते ओएलच होते. हे चालतील का?

मायक्रोअँपिअर
त्यांचं ऑक्साइड थोडं फुटलंय, चार्ज गळतोय. आधी ब्रेडबोर्ड बदलून बघा, बोर्डवर धूळ-घाम असेल तरी असंच दिसतं. तरीही विझले तर फेका.

निवृत्त_सोल्डर
फेकायचे कशाला, ५ व्होल्टच्या रीडिंगला चालतात. अर्धमेले सहा-सहा महिने चाललेले मी बघितलेत.

मायक्रोअँपिअर
आणि सातव्या महिन्यात कुठे गेले ते बघितलंत का?

तापीकाठ
ते सात मोजले त्यातला एक ओएल दाखवत होता, त्याचं राहिलंच. तो सर्किटमध्ये मात्र मेलेलाच होता. सोर्सऐवजी गेट-ड्रेन मोजलं तर १५० ओहम. म्हणजे आता तिन्ही जोड्या मोजून द्यायच्या. थर्मोकोलची पाटी गणपतीच्या डेकोरेशनवाल्याला दिली, सिगारेटची चांदी कॅन्टीनवाल्याकडून गोळा करतोय. पीसीबी रविवारी घरी बसून करतो.

केळीबागवाला
अर्थिंगला मीठ आणि कोळसा टाकायचा असतो असं एक जण म्हणाला, खरं का? कूलर अजून झिणझिणतोय.